कुठलाच करंट बरोबर बसेना: रबाळ्याच्या एका स्पॉट वेल्डिंग मशीनचं प्रकरण

ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून रबाळे एमआयडीसीतलं हे एक मध्यम आकाराचं शॉप. कारच्या फ्लोअरखाली आडव्या बसणाऱ्या क्रॉस मेंबरवर इथे एक ब्रॅकेट स्पॉट वेल्ड करतात, म्हणजे तांब्याच्या दोन टिपांमध्ये पत्रे दाबून, करंट सोडून ठिपक्याठिपक्याने जोडतात. दोन्ही पत्रे गॅल्व्हनाइज्ड, प्रत्येकी १.२ मिलीमीटर जाडीचे. एका पार्टवर आठ स्पॉट. मशीन जुन्या पठडीतलं, पेडलवर चालणारं, ५० हर्ट्झ एसीवरचं, पण टायमर बऱ्यापैकी नवा आणि कॉन्स्टंट करंटचा. पार्ट फिक्श्चरमध्ये लावायचा, हाताने धरून एकेका जागी आणायचा, पेडल दाबायचं.

पावसाळ्याच्या ऐन मध्यावर ग्राहकाकडून तक्रार आली. त्यांनी नेहमीच्या तपासणीसाठी एक पार्ट फाडून पाहिला, तर आठपैकी तीन स्पॉट बटण न सोडताच उघडले होते. त्याच लॉटमधल्या दुसऱ्या पार्टवर बटणं होती, पण लहान आणि कडेने फाटकी. दोन पत्र्यांच्या मध्ये स्पॅटरच्या, म्हणजे वेल्ड होताना उडून गोठलेल्या धातूच्या, सुया अडकल्या होत्या. शॉपमध्ये मात्र शिफ्टच्या पहिल्या पार्टची चिजल टेस्ट, म्हणजे पत्र्यांमध्ये छिन्नी ठोकून स्पॉट सुटतो का ते पाहणं, रोज पास होत होती आणि रजिस्टरमध्ये एकही लाल शेरा नव्हता. मला बोलावलं गेलं ते या विसंगतीपायी.

बटण म्हणजे काय, हे आधी नीट सांगतो, कारण पुढचा सगळा निवाडा त्यावर आहे. दोन पत्र्यांच्या मध्ये वितळून परत गोठलेला जो भिंगाच्या आकाराचा गोळा तयार होतो तो नगेट. पत्रे सोलून वेगळे केले की चांगला नगेट तुटत नाही, त्याच्या भोवतीचा पत्रा फाटतो. मग एका पत्र्याला भोक राहतं आणि दुसऱ्याला बटण चिकटून येतं. त्या बटणाचा व्यास व्हर्नियरने दोन काटकोनी दिशांना मोजायचा आणि सरासरी घ्यायची. साध्या माइल्ड स्टीलसाठी बहुतेक ठिकाणी चालणारा हिशोब असा, की व्यास किमान 4√t असावा आणि लक्ष्य 5√t चं ठेवावं. t म्हणजे पत्र्याची मिलीमीटरमधली जाडी. १.२ च्या पत्र्याला किमान ४.४ मिलीमीटर आणि लक्ष्य साधारण ५.५. हाय स्ट्रेंग्थ स्टीलला हा हिशोब जसाच्या तसा लावता येत नाही. तिथे नगेट पुरेसा मोठा असूनही मधूनच उकलू शकतो. इथे मात्र पत्रा साधाच होता, त्यामुळे बटण नाही म्हणजे वेल्ड नाही.

ग्राहकाने परत पाठवलेले तुकडे मी टेबलावर मांडले, तेव्हा बिघाड एका जातीचा नसून दोन जातींचा आहे, हे लगेच दिसलं.

पहिल्या जातीच्या स्पॉटमध्ये टिप पत्र्यात खोल रुतली होती. बटण साडेतीन ते चार मिलीमीटरचं होतं. एक स्पॉट मधोमध कापून, पॉलिश करून, नायटल या आम्लाच्या द्रावाने एच केला, म्हणजे आतली रचना उठून दिसेल असा खरवडला, तर नगेटच्या पोटात पोकळी दिसली. म्हणजे लोखंड वितळलं होतं, भरपूर वितळलं होतं, पण पिचकारीसारखं बाहेर उडून गेलं होतं. दुसऱ्या जातीचे स्पॉट याच्या नेमके उलट. बाहेरून देखणे, गोल, उथळ, एकही सुई नाही. आतून मात्र नगेटच नव्हता. दोन्ही पत्र्यांवर एक फिकट रुपेरी वर्तुळ होतं, आणि ते जस्ताचं होतं. जस्त ४२० अंश सेल्सिअसला वितळतं, पोलाद साधारण १५०० ला. या स्पॉटमधली उष्णता जस्त ओलांडून गेली, पण पोलादापर्यंत पोहोचली नाही, आणि वितळलेल्या जस्ताने पत्रे डाग दिल्यासारखे चिकटले. शॉपमध्ये याला थंड स्पॉट म्हणतात. हलक्या हाताने चिजल लावली तर तो कधी कधी टिकूनही राहतो, आणि म्हणूनच घातक. नजरेने तपासणाऱ्या माणसाने या दोन जातींतून निवड केली असती, तर त्याने नेमका नगेट नसलेला स्पॉट चांगला ठरवला असता.

एक जात जास्त उष्णतेची, दुसरी कमी उष्णतेची, आणि दोन्ही एकाच मशीनवर, एकाच लॉटमध्ये.

शॉपच्या लोकांचा पहिला संशय करंटवर होता, आणि तो स्वाभाविकच आहे. उष्णतेचं सूत्र Q = I²Rt. I म्हणजे करंट, R म्हणजे रोध, आणि इथला t जाडी नसून वेळ. त्यात करंटचा वर्ग होतो, म्हणून करंट दहा टक्के हलला तर उष्णता एकवीस टक्के हलते. शेजारी मोठे प्रेस आहेत, व्होल्टेज वरखाली होतं, हे सगळ्यांना ठाऊक. आम्ही मशीनच्या खालच्या हाताला कॉइल गुंडाळून वेल्ड करंट मीटर लावला आणि भर कामाच्या वेळी सलग स्पॉट मोजले. टायमरवर ११ किलोअँपिअर लावलेले होते, आणि मीटरवर १०.९ ते ११.१ च्या बाहेर एकही आकडा आला नाही. कॉन्स्टंट करंट टायमर आपलं काम इमाने करत होता.

मग शंटिंगचा विषय निघाला. आधी मारलेल्या स्पॉटमधून करंटचा काही भाग पळून जातो आणि शेजारचा नवा स्पॉट उपाशी राहतो. हे खरं आहे, आणि स्पॉट जवळ जवळ असले की जास्तच खरं. पण शंटिंगचा दोष जागेला बांधलेला असतो. स्पॉट मारण्याचा क्रम ठरलेला असेल तर तोच तोच स्पॉट प्रत्येक पार्टवर कमी पडायला हवा. इथे एका पार्टवर दुसरा, पाचवा आणि सहावा उघडला होता, तर पुढच्यावर फक्त आठवा. शिवाय शंटिंगमुळे थंड स्पॉट होईल, स्पॅटर कशाने होईल? हा संशय तिथेच सोडला.

टिपांचं काय? गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर तांब्याची टिप लवकर खराब होते. जस्त तांब्यात मुरतं, तोंडावर पितळेचा थर बनतो, तो नरम पडून पसरतो. सहा मिलीमीटर व्यासाचं तोंड पसरून सात झालं, तर क्षेत्रफळ छत्तीस टक्क्यांनी वाढतं आणि त्याच करंटची घनता चतुर्थांशाहून थोडी जास्त घटते. इथल्या टिपा ड्रेसिंगच्या, म्हणजे तोंड तासून परत आकारात आणण्याच्या, वेळेपर्यंत तेवढ्या पसरत होत्या. त्यामुळे टिप दोषाची भागीदार आहे, हे मान्य. पण टिप हळूहळू, एकाच दिशेने खराब होते. एका स्पॉटला स्पॅटर आणि पुढच्याला नाही, असा खेळ ती करत नाही.

या टप्प्यावर मी टायमरच्या सेटिंगचा इतिहास विचारला. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण लोकांच्या तोंडून कळला. दिवसपाळीचा सेटर म्हणाला, "सर, ठिणग्या फार उडतात, पोरांच्या हातावर येतात, म्हणून मी दहावर आणतो." रात्रपाळीच्या सेटरला सकाळी फोन केला, तर तो म्हणाला, "दहावर ठेवलं की संध्याकाळपर्यंत स्पॉट सुटायला लागतात, मी अकरा करतो." दोघांनीही आपापल्या पाळीत जे डोळ्यांनी पाहिलं त्याला योग्य तेच उत्तर दिलं होतं. दोघांची निरीक्षणं खरी होती, आणि त्यातूनच मला वाट सापडली. दहावर थंड आणि अकरावर स्पॅटर होत असेल, तर वेल्डिंगची खिडकी एक किलोअँपिअरपेक्षाही अरुंद झाली आहे. निरोगी मशीनवर १.२ च्या पत्र्याला इतकी अरुंद खिडकी नसते.

ही खिडकी म्हणजे वेल्ड लोब. वेल्ड टाइम पक्का धरून करंट हळूहळू वाढवत जायचं. जिथे बटण पहिल्यांदा किमान व्यासाला पोहोचतं ती डावी हद्द, आणि जिथे पहिल्यांदा स्पॅटर उडतो ती उजवी. मधल्या पट्ट्यात काम करायचं. या दोन्ही हद्दी कुठे पडतील हे फक्त पत्र्यावर आणि टिपवर ठरत नाही. इलेक्ट्रोड फोर्सवरही ठरतं, आणि माझ्या अनुभवात शॉपमध्ये सगळ्यात कमी पाहिली जाणारी गोष्ट हीच.

फोर्स इथे दोन कामं करतो. दोन पत्र्यांचे पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतात, ते मोजक्या टोकांवरच एकमेकांना टेकतात. फोर्स जास्त तर टोकं चेपून प्रत्यक्ष संपर्क वाढतो आणि रोध घटतो. फोर्स कमी तर संपर्क थोडा, रोध जास्त, आणि करंट तोच असताना पहिल्या काही सायकलमध्येच सांध्यावर उष्णतेचा भडका उडतो. टायमर कॉन्स्टंट करंटचा असल्यामुळे हे आणखी बिघडतं, कारण रोध वाढला तरी तो करंट कमी होऊ देत नाही. फोर्सचं दुसरं काम आहे वितळलेल्या पोलादाला कोंडून धरणं. नगेटभोवती न वितळलेल्या, घट्ट दाबलेल्या पत्र्याचं एक कडं असतं. आतल्या द्रवाचा दाब त्या कड्याच्या पकडीपेक्षा वाढला की कडं फुटतं आणि द्रव दोन पत्र्यांच्या मधून उडतो. ग्राहकाच्या पार्टमध्ये सापडलेल्या सुया त्याच.

म्हणजे फोर्स घसरला तर उजवी हद्द डावीकडे सरकते. आणि फोर्स पूर्ण असताना, स्पॅटरला घाबरून करंट उतरवलेला असला, तर स्पॉट थंड राहतो. फोर्स प्रत्येक स्पॉटला बदलत असेल तर दोन्ही जाती एकाच लॉटमध्ये येणारच.

पण फोर्स बदलतो आहे हे दाखवायचं कसं? मेंटेनन्सचे काका या मशीनबरोबर कित्येक वर्षं काढलेले. ते ठामपणे म्हणाले, "प्रेशर सहा बार आहे, मी रोज बघतो." गेजवर खरोखर सहाच होता. मशीनचा सिलिंडर ८० मिलीमीटर बोअरचा, म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर. सहा बारवर फोर्स जेमतेम ३०० किलो येतो. मग दोन टिपांच्या मध्ये लोड सेल धरून, करंट बंद ठेवून पेडल मारलं. आकडा आला ३०२. परत मारलं, २९९. काकांचं म्हणणं शाबीत झाल्यासारखं वाटलं.

इथे दोन फसगती होत्या. रेग्युलेटरवरचा गेज मशीन थांबलेलं असताना वाचला जात होता. आणि ते लोड सेल पीक होल्डचं होतं, म्हणजे सायकलभरातला सर्वांत मोठा आकडा तेवढा धरून ठेवणारं. फोर्स अखेरीस ३०० ला पोहोचतो, एवढंच त्यातून सिद्ध होत होतं. करंट सुरू होण्याच्या क्षणी तो किती होता, हा खरा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर दोन्ही उपकरणं देऊ शकत नव्हती. टायमरवर स्क्वीझ टाइम २० सायकलचा होता. ५० हर्ट्झवर एक सायकल २० मिलिसेकंदांची, म्हणजे पेडल दाबल्यापासून करंट येईपर्यंत ०.४ सेकंद. एवढ्या वेळात टिप खाली यायची, पत्र्याला टेकायची आणि फोर्स पूर्ण चढायचा. त्यानंतर १४ सायकल वेल्ड आणि १० सायकल होल्ड. टायमर आंधळेपणाने वेळ मोजतो. फोर्स आला की नाही, हे तो विचारत नाही.

सगळ्यात स्वस्त चाचणी आधी केली. करंट ११ वरच ठेवला, दुसरं काहीही न बदलता स्क्वीझ टाइम २० वरून ४० सायकल केला, आणि भर कामाच्या वेळी पार्ट काढले. स्पॅटर थांबला. पूर्ण नाही, पण जो दर दोन-तीन स्पॉटला उडत होता तो अधूनमधूनच उडू लागला. करंट, पत्रा, टिप, सगळं तेच. फक्त सिलिंडरला जास्त वेळ दिला. ज्यांना स्पॅटरची तक्रार सतावते आहे त्यांनी करंटच्या बटणाला हात लावण्याआधी ही चाचणी करावी. तिला पाच मिनिटं लागतात आणि उपकरण एकही लागत नाही.

पुरावा डोळ्यांना दिसावा म्हणून सिलिंडरच्या वरच्या पोर्टवर एक टी बसवून छोटा गेज लावला. ग्लिसरीन भरलेला मुद्दाम टाळला, कारण त्याचा काटा सावकाश हलतो. गेज आणि टायमरवरचा वेल्डचा दिवा एकाच चौकटीत येतील असा मोबाइल धरला आणि सेकंदाला २४० फ्रेमने स्लो मोशन व्हिडिओ घेतला. स्क्वीझ परत २० सायकलवर ठेवला होता. एक फ्रेम चार मिलिसेकंदांची, त्यामुळे दिवा लागताना काटा कुठे आहे हे आरामात वाचता येतं. बहुतेक स्पॉटला दिवा लागला तेव्हा काटा चारच्या आसपास होता आणि वेल्ड चालू असतानाच सहाकडे चढत होता. काही स्पॉटला तो पाचाच्या वर होता. आणि मधूनच एखाद्या स्पॉटला तीनवर. एवढं पाहिल्यावर काकांनी स्वतःच मोबाइल हातात घेऊन व्हिडिओ परत परत मागे नेला.

या रीतीची एक मर्यादा सांगायला हवी. पिस्टनच्या खालच्या बाजूची हवा तेवढ्यात पूर्ण बाहेर पडलेली नसते, ती उलट ढकलत असते. त्यामुळे वरच्या पोर्टवर चार बार दिसत असताना टिपवरचा फोर्स चार बारच्या हिशोबापेक्षाही कमी असतो. नेमका आकडा हवा असेल तर वेळेगणिक नोंद घेणारं लोड सेलच लागतं. पण पूर्ण आणि अपूर्ण यातला फरक दाखवायला व्हिडिओ पुरेसा होता.

आता हवा का उशिरा येत होती? मशीनच्या मागचं एफआरएल, म्हणजे हवेचा फिल्टर, रेग्युलेटर आणि ल्युब्रिकेटर यांचा संच, उघडलं. फिल्टरच्या वाटीत पाणी उभं होतं, आणि फिल्टरचा एलिमेंट गंज आणि तेलाच्या चिखलाने लिंपल्यासारखा झाला होता. शॉपमधली हवेची मुख्य लाइन जुन्या जीआय पाइपची. पावसाळ्यात नवी मुंबईच्या हवेत ओलावा प्रचंड असतो. कॉम्प्रेसर तो आत ओढतो, पुढे थंड झालेल्या पाइपमध्ये त्याचं पाणी होतं आणि पाणी गंज घेऊन शेवटच्या मशीनपर्यंत येतं. चोक झालेल्या फिल्टरचा स्वभाव सोसायटीतल्या गंजलेल्या नळासारखा असतो. नळ बंद असताना पाइपात दाब पूर्ण असतो, उघडला की धार करंगळीएवढी. म्हणूनच थांबलेल्या मशीनचा गेज सहा दाखवत होता.

आणि तीनवर जाणाऱ्या काट्याचं कारण त्याच पाइपवर सापडलं. काही महिन्यांपूर्वी शेजारी एक नवं फिक्श्चर बसवलं होतं, हवेच्या क्लॅम्पचं. त्याला हवा देण्यासाठी फिल्टरच्या पुढे, आमच्याच मशीनच्या लाइनवर एक टी काढली होती. शेजारच्या ऑपरेटरने क्लॅम्प सोडायला आणि आमच्या ऑपरेटरने पेडल दाबायला एकच वेळ आली की चोक झालेल्या फिल्टरमधून येणारी थोडीशी हवा दोघांत वाटली जात होती. दोन माणसांच्या हातांचा वेग जुळण्यावर स्पॉटचं नशीब ठरत होतं. बिघाड कुठल्याच जागेला, पार्टला किंवा तासाला चिकटलेला दिसत नव्हता, तो यामुळे. आणि सकाळचा पहिला पार्ट नेहमी पास का व्हायचा, हेही इथेच उलगडलं. त्या वेळी शेजारचं फिक्श्चर सुरूच झालेलं नसे, आणि टिपा नुकत्याच ड्रेस केलेल्या असत.

कारण सापडलं, तरी करंट नेमका किती असायला हवा हे ठरवणं बाकी होतं. त्यासाठी त्याच पत्र्याच्या कूपनवर, म्हणजे चाचणीसाठी कापलेल्या तुकड्यांवर, लोब काढला. वेल्ड टाइम १४ सायकल पक्का ठेवला, स्क्वीझ मुद्दाम लांब ठेवला म्हणजे फोर्स पूर्ण चढेल, आणि फोर्स रेग्युलेटरने बदलला.

ताज्या टिपांवर, ३०० किलोला बटण ९.६ किलोअँपिअरला किमान व्यासाला पोहोचलं आणि स्पॅटर ११.८ ला सुरू झाला. दोनाहून जास्त किलोअँपिअरची खिडकी, अगदी निरोगी. रेग्युलेटर चार बारवर आणून फोर्स सुमारे २०० किलो केला, तर खिडकी ८.८ ते १०.२ झाली. तीन बारवर, म्हणजे १५० किलोच्या आसपास, स्पॅटर ९.४ लाच उडू लागला. हे आकडे शेजारी शेजारी लिहिले की शॉपची अडचण कागदावर उतरते. १५० किलोला ९.४ च्या वर जाता येत नाही, ३०० किलोला ९.६ च्या खाली जाता येत नाही. दोन्ही प्रकारचे स्पॉट ज्या मशीनवर मिसळून येतात, तिथे दोन्हींना चालेल असा करंटच नाही.

मग जुन्या, पसरलेल्या टिपांवर तेच केलं. ३०० किलोची डावी हद्द ९.६ वरून १०.४ वर गेली होती. दिवसपाळीचा सेटर दहावर काम करत होता. सकाळी ताज्या टिपांवर त्याचे बहुतेक स्पॉट खरोखर चांगले यायचे. संध्याकाळी टिपा पसरल्यावर, ज्या स्पॉटला पूर्ण फोर्स मिळाला ते थंड पडायचे, आणि ज्यांना हवा कमी पडली तेच कसेबसे तग धरायचे. मशीन नीट चाललं की स्पॉट खराब, बिघडलं की बरा. असा उलटा व्यवहार चालू असताना अनुभवी माणसालाही डोळ्यांनी पाहून नियम सापडत नाही, आणि त्या दोन सेटरना दोष देणं मला साफ चुकीचं वाटतं.

दुरुस्ती तशी साधी होती. फिल्टरचा एलिमेंट बदलला, वाटीला ऑटो ड्रेन लावला, शेजारच्या फिक्श्चरची टी काढून त्याला मुख्य लाइनवरून वेगळी हवा दिली. मशीनजवळ एक छोटी हवेची टाकी बसवली आणि तिच्या आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे लाइनमध्ये क्षणभर ओढ लागली तरी सिलिंडरला लागणारी हवा जागेवरच तयार असेल. एवढं झाल्यावर परत व्हिडिओ घेतला. पेडलनंतर पाव सेकंदाच्या थोडं पुढेच काटा साडेपाच ओलांडत होता आणि दिवा लागेपर्यंत सहावर स्थिर होत होता.

स्क्वीझ टाइमवरून प्रॉडक्शनशी थोडी ओढाताण झाली. मला ३० सायकल हवे होते. त्यांचं म्हणणं, दर स्पॉटला ०.२ सेकंद म्हणजे पार्टला १.६ सेकंद, आणि दिवसाच्या आकड्यात ते दिसतं. त्यांचं गणित बरोबर होतं. तोडगा वेळेत नसून दाबात होता. सिलिंडरच्या वरच्या पोर्टवर साडेपाच बारला सेट केलेला प्रेशर स्विच बसवला आणि त्याचा संपर्क टायमरच्या सुरुवातीच्या सिग्नलमध्ये घातला. साडेपाच बार झाल्याशिवाय टायमर करंटकडे जातच नाही. स्विचनंतरची उरलेली थोडी चढण आणि खालच्या बाजूची हवा निघायला लागणारा वेळ भरून काढायला छोटा स्क्वीझ ठेवला. हवा चांगली असेल तर मशीन आधीपेक्षा हळू चालत नाही, आणि हवा कमी असेल तर वाट पाहतं. वाट पाहण्याचा वेळ ठरावीक मर्यादेबाहेर गेला की लाल दिवा लागतो आणि ऑपरेटर मेंटेनन्सला बोलावतो.

करंट ताज्या टिपांना १०.८ ठरवला. खिडकीच्या बरोबर मध्याच्या तो थोडा उजवीकडे आहे, आणि हे जाणूनबुजून. टिप पसरत जाते तशी खिडकी उजवीकडे सरकते, म्हणून सुरुवात थोडी वर ठेवली की ड्रेसिंगपर्यंतचा प्रवास खिडकीच्या आत राहतो. कूपनवर बटण साडेपाचच्या आसपास आलं. मोजलेल्या स्पॉटमध्ये रुतण जाडीच्या पंधरा टक्क्यांच्या आत राहिली. टायमरचं सेटिंग किल्लीने बंद केलं, आणि बदल करायचा झाला तर दोन्ही पाळ्यांच्या सेटरनी एकाच वहीत लिहायचं ठरलं.

आता तयार मालाचा प्रश्न. शॉपमध्ये उभा असलेला सगळा लॉट वेगळा काढला आणि प्रत्येक स्पॉटला चिजल लावली. इथे चिजल कशी लावायची यावर मी हट्ट धरला. दोन स्पॉटच्या मध्ये धारेने आत जायचं, पत्रा स्पॉटच्या कडेला स्पष्ट वाकेपर्यंत ठोकायचं, मग परत सपाट करायचं. नुसतं टेकवून बघणाऱ्या चिजलला जस्ताने चिकटलेला स्पॉट दाद देत नाही. सुटलेल्या स्पॉटच्या शेजारी नवा स्पॉट मारायची परवानगी ग्राहकाकडून लेखी घेतली, आणि नवा स्पॉट चांगल्या स्पॉटपासून किमान २० मिलीमीटर लांब ठेवला, नाहीतर तिथे खरंच शंटिंग सुरू होतं. जिथे फ्लँजवर तेवढी जागा नव्हती ते पार्ट भंगारात गेले. स्पॅटरवाले स्पॉट चिजलला उघडले नाहीत, पण त्यांची बटणं लहान असणार हे माहीत होतं. म्हणून खोल रुतलेले आणि सुया असलेले सगळे स्पॉटही नापास धरले. ग्राहकाकडे आधीच गेलेला माल त्यांनी त्यांच्या पद्धतीने तपासला.

तपासणीची वेळही बदलली. पहिल्या पार्टची टेस्ट चालू ठेवली, पण त्याच्या जोडीला टिप ड्रेसिंगच्या लगेच आधीचा एक पार्ट आणि शेजारची सगळी फिक्श्चर जोरात चालू असतानाचा एक पार्ट, असे दोन पार्ट पील करून बटणं मोजायची. ड्रेसिंगआधीचा पार्ट खिडकीची एक कड दाखवतो, गर्दीच्या वेळचा दुसरी. स्पॅटर थांबल्यावर टिपाही जास्त टिकू लागल्या, कारण प्रत्येक स्पॅटर टिपच्या तोंडावरही एक खड्डा सोडून जायचा. त्यामुळे ड्रेसिंगचं अंतर ड्रेसिंगआधीच्या बटणांचे आकडे पाहत हळूहळू वाढवता आलं.

प्रेशर स्विच हवेचा दाब मोजतो, टिपवरचा फोर्स नाही. रॅमच्या गाइडमध्ये कचरा अडकला, सिलिंडरचं सील अडखळायला लागलं किंवा टिप होल्डर वाकला, तर स्विच हिरवा असूनही फोर्स कमी असू शकतो. म्हणून महिन्यातून एकदा लोड सेल लावायचं, आणि ते पीक होल्डवर नाही तर वेळेगणिक नोंद घेणारं, असं काकांच्या देखभालीच्या तक्त्यात घातलं आहे. त्या नोंदीत दोन आकडे येतात: वेल्डचा सिग्नल येतानाचा फोर्स आणि होल्डच्या शेवटचा फोर्स. त्यांच्यातला फरक वीस किलोच्या वर गेला की मशीन थांबवून आधी हवा आणि मग गाइड तपासायचा.